धागा: गोषवारा तीनदा परत आला. ‘निष्कर्ष कुठे आहे?’ एवढंच लिहिलंय. मदत हवी

सावलीतली | सोमवार, रात्री 10:12

नमस्कार मंडळी. मी मुंबईत एका आर्किटेक्चर कॉलेजात शिकवते आणि नोकरी सांभाळून पीएचडी करते. भांडुपच्या डोंगरउतारावरच्या एका वस्तीत, पत्र्याच्या छताला पांढरा परावर्तक रंग लावलेल्या घरांत उकाडा किती कमी असतो, ते मोजलंय. पेपर तयार आहे. पण नियतकालिकाच्या संपादकांनी गोषवारा तिसऱ्यांदा परत पाठवला. पहिल्या दोन वेळी ‘अधिक स्पष्ट करा’ असं होतं, या वेळी फक्त ‘निष्कर्ष कुठे आहे?’

मूळ इंग्रजीत आहे, इथे मराठीत उतरवून देते. आकडे मुद्दाम थोडे बदललेत, कारण पेपर अजून छापून यायचाय.

> जागतिक तापमानवाढ ही आज मानवजातीसमोरील अत्यंत गंभीर समस्या असून वेगाने होणाऱ्या शहरीकरणामुळे मुंबईसारख्या महानगरांत तिची तीव्रता दिवसेंदिवस वाढत आहे. या पार्श्वभूमीवर पत्र्याच्या घरांत राहणाऱ्या नागरिकांच्या औष्णिक सुखाचा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. विविध संशोधकांनी निष्क्रिय शीतकरणाच्या पद्धतींचा अभ्यास केला आहे. तथापि स्थानिक संदर्भात अधिक संशोधनाची आवश्यकता आहे. प्रस्तुत शोधनिबंधात परावर्तक रंगलेपनाचा घरातील तापमानावर होणारा परिणाम अभ्यासण्याचा प्रयत्न करण्यात आला आहे. त्यासाठी स्वयंचलित उपकरणांद्वारे 1,42,560 नोंदी घेऊन त्यांचे सखोल सांख्यिकीय विश्लेषण करण्यात आले. त्यावरून असे दिसून येते की परावर्तक रंगामुळे घरातील तापमानात लक्षणीय घट होते. निष्कर्षांचे विविध पैलू व मर्यादा यांची चर्चा करण्यात आली आहे. सदर अभ्यास धोरणकर्ते, वास्तुविशारद व नियोजनकार यांना उपयुक्त ठरेल.

‘लक्षणीय घट होते’ हा निष्कर्षच आहे ना? अजून काय हवंय त्यांना?

डोंबिवली_फास्ट_नाही_स्लो | सोमवार, रात्री 10:40

सोपं आहे. सगळं कर्मणी काढून कर्तरी करा. ‘करण्यात आले’ नको, ‘आम्ही केले’ लिहा. कुठलंच वाक्य पंधरा शब्दांच्या वर जाऊ देऊ नका. आणि प्रत्येक निकालापुढे पी-व्हॅल्यू टाका, संपादक गप्प बसतात. माझे चार पेपर असेच निघाले.

वैशाली_ठाणे | सोमवार, रात्री 10:58

रंग कोणत्या कंपनीचा? आमच्या बाल्कनीवर पत्रा टाकलाय, दुपारी तिथे कपडे वाळत घालायलासुद्धा जाववत नाही. दोन हात लागतात की तीन?

तिरकस | सोमवार, रात्री 11:15

‘अभ्यासण्याचा प्रयत्न करण्यात आला आहे’. मग जमला की फसला?

2011 मध्ये न्यूट्रिनो नावाचे कण प्रकाशापेक्षा वेगात धावले असा गवगवा झाला होता, आठवतंय? त्यावर भौतिकशास्त्रज्ञ मायकेल बेरी आणि तीन सहलेखकांनी एक पेपर लिहिला. शीर्षकातच प्रश्न होता: या वेगाचं स्पष्टीकरण अमुक एका क्वांटम परिणामाने देता येईल का? आणि गोषवारा दोन शब्दांचा: ‘बहुधा नाही.’ छापला बरं का तसाच. तुमचा त्याहून शंभरएक शब्दांनी मोठा आहे आणि उत्तर त्याहून कमी देतो. राग मानू नका.

सावलीतली | सोमवार, रात्री 11:22

राग नाही, हसू आलं. पण मी दोन शब्दांचा पाठवला तर गाईड मला वस्तीतच राहायला पाठवतील.

वैशालीताई, रंगाचं नंतर सांगते, नक्की.

जुना_संपादक | मंगळवार, सकाळी 6:50

उशिरा पाहिलं. मी बरीच वर्षं एका इंजिनिअरिंगच्या नियतकालिकाचं संपादन केलं, त्यामुळे असे गोषवारे पोत्याने वाचलेत.

वाक्यं कापायला आत्ताच सुरुवात करू नकोस. आधी मला एक सांग. तू भांडुपला स्लो लोकलमध्ये चढलीस, दारात मी भेटलो, मी कांजूरला उतरणार. मी विचारलं, ‘काय गं, त्या पत्र्यांचं काय निघालं?’ एवढ्या वेळात काय सांगशील? पेपर न उघडता लिही.

सावलीतली | मंगळवार, सकाळी 8:05

(खरंच लोकलमधून लिहितेय.)

‘काका, दुपारी रंगवलेल्या घरात साधारण दोन अंशांनी कमी असतं. पण रात्री काहीच फरक पडत नाही, झोप येत नाही ती नाहीच.’

जुना_संपादक | मंगळवार, सकाळी 8:30

आता हे आणि तुझा गोषवारा शेजारी शेजारी ठेव. दोन अंश तिथे नाहीत. दुपार नाही. रात्र तर कुठेच नाही. म्हणजे तुला जे सापडलं त्यातलं काहीही गोषवाऱ्यात नाही, आणि जे आहे ते तू एकही घर न मोजता लिहू शकली असतीस. मी पाल्हाळ ओळखायला हीच कसोटी लावायचो. काम सुरू होण्यापूर्वी जे वाक्य लिहिता आलं असतं ते कापायचं. तुझी पहिली चार वाक्यं तशी आहेत. शेवटची दोन तशी आहेत. पाचवं अर्धं.

डोंबिवलीकरांचं कर्तरी-कर्मणीचं म्हणणं चूक नाही, पण त्याने हा आजार बरा होत नाही. ‘आम्ही सखोल विश्लेषण केले’ हे कर्तरी आहे आणि तितकंच पोकळ आहे. उलट ‘तापमान दर दहा मिनिटांनी नोंदले गेले’ हे कर्मणी असून काम करतं. वाक्य कोणत्या प्रयोगात आहे यापेक्षा त्यात मोजलेलं काही आहे का, ते पाहा.

आता हे सांग: घरं किती? निवडली कशी? रंगवण्यापूर्वी मोजलं होतं का? आणि 1,42,560 हा आकडा आला कुठून?

सावलीतली | मंगळवार, दुपारी 1:35

घरं 24 घेतली होती, 22 राहिली. एका घरातलं तापमान नोंदवणारं लॉगर उंदराने पाडलं, ते मोरीत गेलं. दुसऱ्या कुटुंबाने मे महिन्यात वरचा मजला चढवला, त्यामुळे त्यांचं छतच छत राहिलं नाही. उरली 11 रंगवलेली आणि 11 शेजारची न रंगवलेली. रंग एका संस्थेने लावून दिला होता, जे घरमालक तयार झाले त्यांच्याकडे. रंगवण्याआधी मोजलेलं नाही, आम्ही पोचलो तेव्हा काम झालं होतं.

10 एप्रिल ते 24 मे, 45 दिवस. दर दहा मिनिटांनी एक नोंद, म्हणजे एका घराच्या दिवसाला 144. 22 गुणिले 144 गुणिले 45. आकडा मोठा दिसतो म्हणून गाईडनीच सुचवला होता.

जुना_संपादक | मंगळवार, दुपारी 3:10

तोच काढ आधी. रंग नोंदींना लागलेला नाही, घरांना लागलाय. एकाच घरातली 10:10 ची आणि 10:20 ची नोंद जुळ्या बहिणींसारखी असते, दुसरीने नवीन काही सांगितलेलं नसतं. दर मिनिटाला मोजलं असतंस तर चौदा लाखांवर गेलं असतं, पण घरं बावीसच राहिली असती. तुझा पुरावा 22 घरांचा आहे. गोषवाऱ्यात दीड लाखाच्या घरातला आकडा आणि घरांची संख्या गायब, हे पाहिलं की जाणत्या परीक्षकाला वाटतं की काहीतरी झाकलंय. तुझ्या मनात तसं नसलं तरीही.

विश्लेषण तरी घरागणिक सरासरी काढून केलंस ना? की सगळ्या नोंदी एकत्र ओतल्या?

सावलीतली | मंगळवार, दुपारी 3:24

घरागणिक सरासरी, मगच दोन गटांची तुलना. आमच्या कॉलेजातल्या स्टॅट्सच्या मॅडमनी पहिल्याच दिवशी दटावलं होतं.

दुपारी 12 ते 4 फरक 2.1 अंश, 95 टक्के विश्वासांतर, म्हणजे खरा फरक ज्या पट्ट्यात असावा तो, 1.3 ते 2.9. रात्री 10 ते पहाटे 5 फरक 0.2 अंश, विश्वासांतर उणे 0.4 ते अधिक 0.8.

डोंबिवली_फास्ट_नाही_स्लो | मंगळवार, दुपारी 4:02

मग दुपारची पी-व्हॅल्यू टाका आणि विषय संपवा. रात्रीचा निकाल सार्थ नाही ना, फरक योगायोगाचाही असू शकतो, मग तो निष्कर्षच नाही. जे निघालं नाही ते गोषवाऱ्यात कशाला? मर्यादांच्या परिच्छेदात एक ओळ पुरे.

केईएमच्या_फाटकाशी | मंगळवार, रात्री 11:48

ड्यूटी संपली म्हणून आत्ता वाचलं. डोंबिवलीकर, हेच आमच्याकडे इतकं झालंय की त्यावरच संशोधन झालं. 2010 मध्ये जामा या नियतकालिकात एक अभ्यास आला होता. ज्या औषधचाचण्यांत मुख्य निकालात सार्थ फरक आढळला नव्हता अशा 72 चाचण्यांचे अहवाल घेतले. त्यांतल्या 58 टक्के गोषवाऱ्यांचा निष्कर्ष गोडगोड फिरवून लिहिलेला होता. मुख्य निकाल बाजूला आणि कुठला तरी दुय्यम निकाल पुढे, असं. रात्री फोनवर फक्त गोषवारा वाचणारा आमच्यासारखा रेसिडेंट त्यावरच विश्वास ठेवतो, पूर्ण पेपर उघडायला वेळ कुणाला आहे?

आमच्याकडे शीर्षकं ठरलेली असतात: उद्देश, पद्धती, निकाल, निष्कर्ष. वैद्यकीय नियतकालिकांत ही चाल 1987 पासून रुळली. शीर्षक रिकामं दिसलं की लाज वाटते, एवढा फायदा आहेच. ताई, तसंच करा.

आता माझंही बघाल का कुणी? माझी सिनॉप्सिस कमिटीने परत पाठवलीय, ‘निकाल नाहीत’ म्हणून. अजून एकही पेशंट घेतलेला नाही, निकाल कुठून आणू?

जुना_संपादक | बुधवार, सकाळी 6:35

डॉक्टर, सिनॉप्सिस ही वेगळी चीज आहे. ती कामाआधीची, तिथे काय मोजणार आणि किती फरक सापडण्याची अपेक्षा आहे एवढंच सांगता येतं. कमिटीला बहुधा ‘अपेक्षित निकाल’ म्हणायचं असेल, विचारून घ्या. वेगळा धागा काढलात तर तिथे येतो.

रात्रीच्या निकालाबद्दल मात्र तुमच्याशी शंभर टक्के सहमत. आणि सावलीतली, मला तर तोच तुझ्या पेपरचा खरा ऐवज वाटतो. पांढऱ्या रंगाने दुपारी फायदा होतो हे जगभर मोजून झालंय. ऊन परतवणाऱ्या रंगाला रात्री परतवायला ऊनच नसतं, हे कळायला सोपं आहे. पण वस्तीतल्या माणसाला झोप रात्री लागते. ज्या संस्थेने रंग लावला तिला हे गोषवाऱ्यातच कळायला हवं, नवव्या पानावर नाही.

फक्त शब्द जपून. ‘रात्री फरक पडत नाही’ हे लोकलच्या दारात चालतं, छापताना नाही. तुझं विश्वासांतर उणे 0.4 ते 0.8 आहे. म्हणजे 0.8 अंशांचा फायदा असण्याची शक्यता तुझ्या 22 घरांनी नाकारलेली नाही. ‘फरक आढळला नाही’ असं लिही आणि शेजारी अंतर दे, म्हणजे वाचणारा स्वतः ठरवेल. पी-व्हॅल्यूने हे कळत नाही, तिच्यात अंश सेल्सिअस नसतात.

आता सगळ्यात नाजूक शब्द. तू लिहिलंयस ‘घट होते’. घट म्हणजे आधी जास्त होतं, मग कमी झालं. तू आधीचं मोजलेलंच नाहीस. तू दोन प्रकारची घरं एकाच वेळी मोजलीस, त्यामुळे तुझं क्रियापद ‘कमी होते’ हेच. आणि ‘रंगामुळे’ म्हणायलाही जरा थांब. जे घरमालक तयार झाले त्यांची घरं कदाचित आधीच बरी असतील. खिडकी असेल, आत थर्माकोलचं छत असेल. हे तपासलं होतंस?

सावलीतली | बुधवार, सकाळी 9:20

खिडक्या मोजल्या होत्या, साधारण सारख्याच निघाल्या. आतलं छत... काका, तुम्ही घाबरवलंत. आत्ता फोटो चाळले. रंगवलेल्यांपैकी चार घरांत आतून थर्माकोल आहे, न रंगवलेल्यांत एकात. पेपरमध्ये हे कुठेही नाही.

तिरकस | बुधवार, सकाळी 9:41

गोषवारा दुरुस्त करायला आली आणि पेपर दुरुस्तीला गेला.

जुना_संपादक | बुधवार, सकाळी 10:15

होतं असं. वाक्यावरची चरबी उतरवली की खालचं हाड दिसतं, आणि ते मोडलेलं निघालं तर आधी ते बसवावं लागतं. ती पाच घरं वगळून पुन्हा हिशोब कर, रात्रीचासुद्धा. निकाल काहीही येवो, तो पेपरमध्ये लिही, आणि गोषवाऱ्यात एक अर्धं वाक्य.

सावलीतली | गुरुवार, रात्री 9:50

केलं. 7 रंगवलेली, 10 न रंगवलेली. दुपारचा फरक 1.7 अंश, अंतर 0.7 ते 2.7. रात्रीचं चित्र तेच राहिलं. म्हणजे थोडं उतरलं, पण टिकलं. हुश्श.

हा नवा मसुदा:

> पत्र्याच्या छतावर पांढरा परावर्तक रंग असलेली घरे कमी तापतात का, हे मुंबईतील भांडुपच्या एका वस्तीतील 22 एकमजली घरांत तपासले. त्यांपैकी 11 छते रंगवलेली होती, 11 शेजारची न रंगवलेली. 10 एप्रिल ते 24 मे या काळात घरातील तापमान दर दहा मिनिटांनी नोंदले. दुपारी 12 ते 4 या वेळात रंगवलेली घरे सरासरी 2.1 अंश सेल्सिअसने कमी गरम होती (95 टक्के विश्वासांतर 1.3 ते 2.9), आतून थर्माकोल असलेली पाच घरे वगळल्यावर हा फरक 1.7 अंश राहिला. रात्री 10 ते पहाटे 5 या वेळात फरक आढळला नाही (0.2 अंश, उणे 0.4 ते 0.8). घरे चिठ्ठी टाकून निवडलेली नव्हती व रंगवण्यापूर्वीच्या नोंदी नाहीत, त्यामुळे या फरकाचा काही भाग घरांच्या मूळ वेगळेपणातून आलेला असू शकतो. दुपारी घरात असणाऱ्यांना असा रंग उपयोगी पडू शकतो. रात्रीच्या उकाड्यासाठी वेगळा उपाय लागेल.

लांबी आधीइतकीच झाली, थोडी जास्तच. मला वाटलं होतं काटछाट म्हणजे छोटा होईल.

केईएमच्या_फाटकाशी | गुरुवार, रात्री 10:30

मी पहिल्याच वाचनात समजले, आणि मी आर्किटेक्ट नाही. पण सुरुवातीला एक वाक्य पार्श्वभूमीचं हवं असं मला वाटतं. एकदम ‘पत्र्याच्या छतावर’ म्हणजे दार उघडताच स्वयंपाकघर.

जुना_संपादक | शुक्रवार, सकाळी 6:45

लांबीची काळजी करू नकोस. शब्दमर्यादेत आहेस तोवर रिकाम्या जागी माल भरला गेला, एवढंच झालंय.

पार्श्वभूमीच्या वाक्याबद्दल माझं आणि डॉक्टरांचं जमणार नाही. नेचरसारखी सगळ्या विषयांची नियतकालिकं एक-दोन वाक्यांची ओळख मागतात, कारण त्यांचा वाचक जीवशास्त्रज्ञही असतो. तुझ्या नियतकालिकाचे वाचक पत्रे आणि छतंच पाहतात. त्यांचे मागचे दोन अंक काढ आणि बघ.

‘लक्षणीय’ गेला हे छान झालं. मराठीत तो शब्द ‘बराच’ या अर्थानेही चालतो आणि सांख्यिकीतल्या ‘सार्थ’च्या जागीही लोक घुसवतात. वाचणाऱ्याला कोणता घ्यावा कळत नाही. इंग्रजीत ‘सिग्निफिकंट’ची तीच गत आहे, तिथेही काढ.

शेवटचं वाक्य मला टोचतं. ‘वेगळा उपाय लागेल’ हे तू मोजलेलं नाहीस. आत्ताच म्हणालो की 0.8 पर्यंतचा फायदा नाकारता येत नाही, मग ‘लागेल’ कसं? ‘रात्रीच्या उकाड्यावर या रंगाचा उपयोग या अभ्यासात दिसला नाही’ इतकंच म्हण, किंवा ते वाक्य सोडून दे.

आणि पाठवण्यापूर्वी गोषवाऱ्यातला प्रत्येक आकडा पेपरमध्ये बोट ठेवून शोध. 1999 मध्ये जामातच आलेल्या एका अभ्यासात मोठ्या वैद्यकीय नियतकालिकांतले गोषवारे मूळ लेखांशी ताडून पाहिले होते. नियतकालिकागणिक 18 ते 68 टक्के गोषवाऱ्यांत लेखाशी न जुळणारा किंवा लेखात नसलेलाच आकडा निघाला. तू तर आत्ताच नवा हिशोब केलायस.

सावलीतली | शुक्रवार, दुपारी 2:20

बोट ठेवलं आणि सापडलं. पद्धतींच्या परिच्छेदात अजून ‘24 घरे’ आहे आणि तक्ता दोनमध्ये 22. वगळलेल्या दोन घरांचा उल्लेखच नव्हता. आता उंदीर आणि वरचा मजला दोन्ही सभ्य भाषेत लिहिलेत. 1.7 चा तक्ताही जोडला.

गाईडचं मात्र अडलंय. ते म्हणतात, रात्रीचं आणि चिठ्ठीचं वाक्य गोषवाऱ्यातून काढ, ‘आपणच आपल्या पायावर कुऱ्हाड कशाला?’

डोंबिवली_फास्ट_नाही_स्लो | शुक्रवार, दुपारी 3:05

गाईडशी भांडून पीएचडी होत नसते. कटू आहे पण खरं आहे. चिठ्ठीचं वाक्य आत ढकला, रात्रीचं ठेवा. (हो, काकांचं वाचून रात्रीपुरतं माझं मत बदललंय. बाकी पंधरा शब्दांवर मी ठाम आहे.)

जुना_संपादक | शुक्रवार, सायंकाळी 5:40

एकच वाचवायचं असेल तर मी चिठ्ठीचं वाचवलं असतं. ते काढलंस तर दुपारचा 2.1 सुद्धा उघडा पडतो. गाईडना सांगून बघ की परीक्षक हे पद्धतींत वाचणारच आहेत; आधी तू सांगितलंस की मर्यादा असते, त्याने शोधलं की आक्षेप असतो. तरी ऐकलं नाही तर तुझा निर्णय. मी तुझ्या जागी नाही.

सावलीतली | रविवार, सकाळी 11:15

दोन्ही वाक्यं राहिली. गाईडनी एका अटीवर मान्य केलं: डॉक्टर म्हणतात तसं पार्श्वभूमीचं एक वाक्य सुरुवातीला घालायचं. घातलं, अकरा शब्दांचं. ‘उपाय लागेल’ काढलं. काल रात्री पाठवलं, अजून उत्तर नाही.

वैशालीताई, कंपनीचं नाव इथे लिहीत नाही, व्यनि करते. दोन हात लावले होते त्यांनी, पण आधी गंज खरवडून प्रायमर दिला होता. आणि कपडे संध्याकाळनंतर वाळत घालणार असाल तर रंगाचे पैसे वाचवा.

वैशाली_ठाणे | रविवार, सकाळी 11:31

हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलं असतं तर मी सहा दिवस थांबले नसते गं.